‘ह्यांना’ या एका शब्दावर अडलेली कथा

आमच्या वाचनगटात नुकतीच एक अप्रकाशित कथा वाचली. लेखकाने नाव देऊ नका म्हटलंय, म्हणून देत नाही. नागपुरातले एक निवृत्त गृहस्थ, पत्नी गेलेली. दुधाच्या हिशेबाच्या वहीत त्यांना तिच्या हातची गोळाभाताची कृती सापडते आणि ते ती करायला घेतात. कथेत कृती एवढीच आहे: ‘गोळाभात, ६ जण. तांदूळ ३ वाट्या. भरडा दीड. मोहन बरं. गोळे भात अर्धा झाला की. तेल वेगळं. सांबार नको (ह्यांना).’

विदर्भाबाहेरच्यांसाठी सांगतो, सांबार म्हणजे कोथिंबीर. भरडा म्हणजे हरभऱ्याच्या डाळीचं जाडसर पीठ.

गटातल्या बऱ्याच जणांनी या टिपणाला ‘अपुरी कृती’ म्हटलं. मला ते पटत नाही. कोणताही दस्तऐवज वाचताना पहिला प्रश्न असतो, तो कोणासाठी लिहिला? कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ अनोळखी वाचकासाठी आहे, म्हणून तिथे वाटी-चमच्याची मापं नीट दिलेली असतात. हे टिपण बाईंनी स्वतःसाठी लिहिलंय. जे विसरायला होतं ते कागदावर आलं. जे हाताला माहीत होतं ते आलं नाही. म्हणजे गाळलेल्या जागा हा दोष नाही, तिला काय येत होतं याचा तो पुरावा आहे.

कथेचा मधला भाग हे फार छान दाखवतो. ‘भात अर्धा झाला की’ म्हणजे नेमकं कधी? पहिल्या वेळी काका पाणी खळखळत असतानाच गोळे सोडतात. गोळे फुटतात आणि भाताचा पिठलंभात होतो. दुसऱ्या वेळी पाणी पूर्ण आटू देतात. मग वाफ पुरत नाही, गोळा मधोमध कच्चा राहतो. तिसऱ्या वेळी ते शीत बोटांत दाबून बघतात. शीत मोडतं, पण आत पांढरा कण दिसतो, आणि पाणी भाताच्या जेमतेम बरोबरीला आलेलं असतं. तीच ती वेळ. ‘मोहन बरं’चंही तसंच. कडकडीत तेल घातलेला भरडा मुठीत दाबला की मूठ टिकली पाहिजे, नाहीतर गोळा दगड होतो. एका ओळीचा अर्थ लावायला माणसाला तीन पातेली लागतात, आणि लेखक यावर एकही भाष्य करत नाही. हे चांगलंच केलंय.

आता शेवट. मुलगी पुण्याहून येते, पहिला घास घेते आणि म्हणते, “बाबा, अगदी आईच्या हातचा!” गटात काहींच्या डोळ्यांत पाणी आलं. पण कथेतलाच पुरावा या वाक्याच्या विरोधात आहे. दुसऱ्याच पानावर, फोनवर, हीच मुलगी सांगते की आईच्या गोळाभातावर हिरवागार सांबार असायचा. काका मात्र टिपणाबरहुकूम सांबार घालत नाहीत. म्हणजे बाई सगळ्यांच्या ताटात सांबार घालत होत्या आणि एकाच ताटात नाही. काकांनी जन्मभर खाल्लेला गोळाभात आणि मुलीच्या आठवणीतला गोळाभात हे दोन वेगळे पदार्थ आहेत. मुलीला फरक कळायलाच हवा होता. तो कळला असता, तर पत्नीने इतकी वर्षं आपलं ताट वेगळं वाढलं हे काकांना तिच्याच तोंडून समजलं असतं. कथा तिथे जायला हवी होती.

सुसान लिओनार्डी यांनी १९८९ च्या एका लेखात मांडलं होतं की कृती एकटी नसते, तिला देणारा असतो आणि घेणारा असतो. इथे टिपण स्वतःसाठी असलं, तरी कंसातल्या ‘ह्यांना’मुळे नवरा त्यात आधीपासूनच आहे. फक्त खाणारा म्हणून, करणारा म्हणून नाही.

यावर एक आक्षेप येईल: मुलगी बापाचं मन राखायला खोटं बोलली असेल. शक्य आहे. पण मग तसा एखादा तरी इशारा मजकुरात हवा, वाढलेल्या ताटाकडे तिची एक नजर तरी. तो नाही. निवेदक तिच्या वाक्यावर विश्वास ठेवून कथा संपवतो.

आणखी एक गोष्ट बघा. काका तिन्ही वेळा ३ वाट्याच तांदूळ घेतात. वरचं ‘६ जण’ सांगतं की हे टिपण भरल्या घराच्या काळातलं आहे. प्रमाण कमी कसं करायचं हे वहीत नाही, कारण एकट्यासाठी रांधायची वेळ तिच्यावर आलीच नव्हती. उरलेल्या भाताचं काय झालं, हे कथा सांगत नाही. पुनर्लेखनात मला आधी ते वाचायला आवडेल.