दुरुस्ती केली, पण कशाची?

गिरीजला राहणाऱ्या माझ्या एका शिक्षिका मैत्रिणीने गेल्या महिन्यात मला दोन कागद वाचायला दिले. पहिला होता वसईच्या १७३९ च्या वेढ्यावर अकरावीतल्या एका मुलीने सुधारून लिहिलेला निबंध. दुसरा त्याला जोडलेले अर्ध्या पानाचे पत्र, ‘बाई, मी काय काय बदलले’ हे सांगणारे. निबंध नीटनेटका आहे. मला बोलायचे आहे ते पत्राबद्दल, कारण चूक तिथे सापडते.

पत्रातला पहिला मुद्दा असा: ‘पोर्तुगीजांनी तह मान्य केल्याची तारीख ५ मे चुकली होती, ती १६ मे केली.’ पहिल्या मसुद्यात ५ मे या तारखेवर बाईंनी लाल रेघ मारून गुण कापले होते, आणि मुलीने निमूटपणे तारीख बदलली. पण ५ मे ही चूक नव्हतीच!

पोर्तुगालने १५८२ सालीच पोप ग्रेगरी यांचे सुधारलेले कॅलेंडर स्वीकारले. इंग्रज मात्र १७५२ पर्यंत जुने ज्युलियन कॅलेंडर वापरत राहिले, आणि मुंबई इंग्रजांची होती. दोन्ही कॅलेंडरांत सुरुवातीला १० दिवसांचे अंतर होते. १७०० हे वर्ष जुन्या पद्धतीत लीप वर्ष होते, नव्यात नव्हते. म्हणून त्यानंतर अंतर ११ दिवसांचे झाले. वसईत जो दिवस १६ मे होता, तोच दिवस मुंबईचे इंग्रज ५ मे म्हणून लिहीत. पुढच्या पुस्तकांत दोन्ही तारखा उतरल्या, पण बहुतेकदा त्या कोणत्या कॅलेंडरच्या हे लिहायचे राहून गेले.

हे पडताळून पाहता येते. कॅलेंडर बदलले तरी वारांचा क्रम कुठेच तुटला नाही. जुनी ५ मे आणि नवी १६ मे, दोन्हींना वार येतो शनिवार. उलट ५ मे ही नव्या पद्धतीची धरली तर वार येतो मंगळवार. म्हणजे तारखेबरोबर वार दिलेला कागद हाती आला तर प्रश्नच मिटतो. तिथीही तितकीच उपयोगी. मी चंद्राचे गणित मागे नेऊन पाहिले: नव्या १६ मे रोजी वैशाख शुद्ध अष्टमी-नवमीच्या सुमाराचा चंद्र येतो. नव्या ५ मे रोजी अमावास्या दोन-तीन दिवसांवर आलेली असते. एवढा फरक तर डोळ्यांनी दिसणारा आहे.

आता खरी गफलत पाहा. सुधारलेल्या निबंधात तह १६ मे रोजी झाला, आणि पोर्तुगीज किल्ला सोडून गेले १२ मे रोजी! म्हणजे शरण येण्याच्या चार दिवस आधीच ते निघून गेले. दुसरी तारीख जुन्या पद्धतीची होती आणि ती तशीच राहिली. तिच्यात ११ मिळवले की २३ मे येते, आणि तह व प्रत्यक्ष निर्गमन यांत आठवड्याचे अंतर उरते. मूळ निबंधात ५ आणि १२ या दोन्ही तारखा एकाच पद्धतीच्या होत्या आणि एकमेकींशी जुळत होत्या. दुरुस्तीने बरोबर असलेला निबंध बिघडला. पत्रात कारण लिहिलेले असते, तर लिहितानाच मुलीच्या लक्षात आले असते की नियम लावला तर तो सगळ्या तारखांना लावावा लागतो.

आमच्या क्षेत्रात शोधनिबंध परीक्षकाकडून परत आला की आम्हीही असेच पत्र जोडतो. परीक्षकाचे म्हणणे पटले नाही तर तसे त्यात कारणासह लिहितो. मुलांना ही मुभा आहे हे कोणी सांगत नाही. (आम्हालाही ती उशिराच कळते.)

पत्रातला दुसरा मुद्दा एका ओळीचा: ‘चिमाजी आप्पांचे वाक्य काढले.’ किल्ला पडत नसेल तर माझे डोके तरी तोफेतून आत उडवा, असे ते म्हणाले अशी ती प्रसिद्ध कथा. का काढले? खोटे वाटले म्हणून, की पुरावा मिळाला नाही म्हणून? ही दोन वेगवेगळी कारणे आहेत. पुरावा मिळाला नसेल तर ‘अशी आख्यायिका सांगतात’ एवढी जोड देऊन वाक्य ठेवता आले असते. वसईत ती कथा लोक आजही सांगतात, हीसुद्धा एक नोंदच आहे.

मैत्रिणीला मी हे सगळे सांगितले. तिने कापलेले गुण परत दिले आणि मुलीला पत्र पुन्हा लिहायला बसवले. नव्या पत्रात पहिला मुद्दा असा आहे: ‘माझ्या पुस्तकातल्या ५ मे आणि १२ मे या तारखा जुन्या कॅलेंडरच्या आहेत असे मी धरले. दोन्हींत ११ दिवस मिळवून १६ मे आणि २३ मे लिहिले. पुस्तकात वार दिलेला नाही, म्हणून हे मी अजून तपासलेले नाही.’