छायाचित्र त्यांचं, निवड कोणाची?

1990 च्या दशकाच्या सुरुवातीला चीनच्या युनान प्रांतातल्या 62 ग्रामीण बायकांच्या हाती कॅमेरे आले. आपलं रोजचं जगणं त्यांनी टिपायचं होतं. कॅरोलिन वांग आणि मेरी ॲन बरिस यांच्या या कामातून ‘फोटोव्हॉइस’ ही पद्धत उभी राहिली.

त्यातल्या एका छायाचित्रात मक्याच्या शेतात एक बाई खुरपते आहे आणि कडेला तिचं बाळ एकटंच पडलं आहे. परक्याला त्यात फक्त कष्ट दिसतील. बायका मिळून बोलल्या तेव्हा कळलं, की कामाच्या वेळी मूल कोणाकडे ठेवायचं हा घरोघरचा प्रश्न आहे. हे अधिकाऱ्यांपर्यंत पोहोचलं आणि पाळणाघरं, सुईणींचं प्रशिक्षण, मुलींसाठी शिष्यवृत्त्या अशी पावलं उचलली गेली.

म्हणजे या पद्धतीत छायाचित्र ही सुरुवात असते. काढणारी व्यक्ती आपलं महत्त्वाचं छायाचित्र स्वतः निवडते, त्यामागची हकिगत गटाला सांगते, आणि मग गट अनेक हकिगतींतलं समान सूत्र शोधतो. चर्चा काही साध्या प्रश्नांवर चालते: इथे काय दिसतं, खरं काय घडतं आहे, आपल्या जगण्याशी त्याचा संबंध काय, असं का आहे, आणि काय करता येईल? ‘का’ विचारल्यावरच एकीची अडचण सगळ्यांची होते. वांग यांनी पुढे मांडलेल्या क्रमात निर्णय घेणाऱ्यांना जोडून घेणं ही तर पहिलीच पायरी आहे, कॅमेरे वाटण्याच्याही आधीची.

आज मोबाइलमुळे छायाचित्रं मुबलक झाली, पण लोकांनी निवडणं-बोलणं आणि निर्णय घेणाऱ्यांना जोडून घेणं या दोन कड्या कच्च्या राहतात. मुदत आणि निधी संपत आल्यावर संशोधक स्वतःच छायाचित्रं निवडतो, ओळी लिहितो, प्रदर्शन भरवतो. 2010 मध्ये कॅटालानी आणि मिंकलर यांनी 37 लेख तपासले, तेव्हा सहभागाची खोली प्रकल्पागणिक फार वेगळी आढळली. संस्था आणि समाज यांचं नातं जिथे जुनं, तिथे सहभागही जास्त होता.

संमतीचाही घोळ होतो. सहभागी व्यक्तीने होकार दिला, तरी तिच्या चौकटीत आलेल्या शेजाऱ्याचा होकार वेगळा घ्यावा लागतो, आणि छायाचित्र छापण्यासाठी तिचा स्वतःचाही पुन्हा वेगळा. दारू, मारहाण, आजारपण यांची चित्रं गावातच ओळखली जातात आणि त्याची किंमत काढणारीलाच मोजावी लागते. म्हणून कॅमेरा देण्याआधी काय टिपू नये यावर बोलणं भाग आहे. तोच प्रसंग वस्तूंतून किंवा रिकाम्या जागेतून कसा सांगता येतो, तेही शिकवावं लागतं.

अहवाल वाचताना मी तीन गोष्टी शोधते: निवड कोणी केली, कोणती छायाचित्रं का वगळली, आणि निवडलेली छायाचित्रं पाहून कोणत्या अधिकाऱ्याने काय उत्तर दिलं. यांची उत्तरं अहवालात नसतील, तर लोकांनी फक्त छायाचित्रं पुरवली आणि बोलला संशोधकच.