तळहातावरचा पट

इंदूरच्या एका मराठी भगिनीने हरतालिकेच्या आधी आपल्या हातावरील मेंदीचे छायाचित्र मंदिराच्या परिवारातील भगिनींकडे पाठविले, आणि माहेर माळव्यातील व संसार बेळगावचा अशा एका वडीलधाऱ्या बाईंनी त्याला उत्तर धाडले. ते चित्र आणि ते उत्तर, दोन्ही आम्ही पाहिली. मेंदी पाहून 'सुरेख' एवढे म्हणण्याची रीत आहे. परंतु या उत्तराने रीतीपलीकडे जाऊन नक्षी वाचली आहे. म्हणूनच दोहोंविषयी चार शब्द लिहावेसे वाटतात.

प्रथम चित्र. तळहाताच्या मध्यभागी एक चौकोन असून त्याच्या चार बाजूंनी चार भुजा निघाल्या आहेत. सोंगट्यांचा पटच तो. माळव्यात त्याला चौपड म्हणतात. भुजांच्या मधले चार कोपरे बारीक ठिपक्यांनी भरले आहेत, आणि या साऱ्याभोवती सुमारे अर्ध्या बोटाच्या रुंदीचे कोरे कडे सोडले आहे. बोटांची टोके पहिल्या पेरापर्यंत सरसकट रंगविलेली असून त्यांच्या खाली नागमोडी पट्ट्यांची लहरिया उतरते. मनगटावर कोयऱ्या आणि त्यांच्या पोटात अतिशय बारीक जाळी आहे.

बेळगावच्या बाई लिहितात : "अगं, तुझ्या तळव्यावर आमच्या माहेरच्या ओसरीतला मांडणा पाहिला नि डोळे भरून आले. बोटांची टोके मात्र तू आपल्याकडची ठेवलीस, ते फार बरे केलेस. मनगटावरची जाळी तर किती नाजूक!"

या तीन वाक्यांत पहिली दोन आम्हांस पूर्ण मान्य आहेत. मांडणा म्हणजे माळवा-राजस्थानकडे गेरूने सारवलेल्या जमिनीवर खडीने काढलेली नक्षी. ती खडीत भिजविलेल्या चिंधीच्या साहाय्याने, अनामिकेच्या टोकाने काढतात, आणि मध्यापासून बाहेर वाढवितात. आपल्याकडील ठिपक्यांच्या रांगोळीत आधी ठिपके पडतात, मग रेषा त्यांना जोडतात. मांडण्यात आधी मध्य ठरतो आणि रिकाम्या जागा शेवटी भरल्या जातात. प्रस्तुत हातावर हाच क्रम दिसतो. ठिपके येथे आहेत, पण ते रेषेला वाट दाखवीत नाहीत, तर भुजा पडल्यानंतर उरलेले कोपरे भरतात. उलट, तळव्यावर एक ठसठशीत आकृती आणि भरलेली बोटांची टोके ही आपल्या जुन्या घरांतील साधी मेंदी. दोन्ही चाली एका हातावर भांडल्या नाहीत, याचे श्रेय त्या कोऱ्या कड्याला आहे. ते नसते तर पट बोटांत शिरला असता आणि दुरून सारा हात एकच डाग दिसला असता.

तिसऱ्या वाक्याशी मात्र आमचा मतभेद आहे, आणि त्याचे कारण मेंदीच्या स्वभावातच आहे. छायाचित्रात आपण पाहतो तो ओला लगदा. सणाच्या दिवशी हातावर राहतो तो रंग. पाल्यातील रंगद्रव्य कातडीच्या वरच्या, मृत थरातील केराटिनाशी जोडले जाते. हा थर तळहातावर जाड असतो, म्हणून तेथे रंग गडद येतो. मनगटावर तो पातळ असतो, म्हणून तेथे रंग फिका येतो आणि लौकर जातो. शिवाय लगदा ओला असताना रेषा किंचित पसरते. दोन रेषांमध्ये निदान एका रेषेइतकी मोकळी जागा नसेल तर जाळीची जाळी राहत नाही, नारिंगी पट्टा होतो. या भगिनीच्या मनगटावर ती जागा रेषेच्या निम्मीही नाही. कोयऱ्यांची नुसती बाह्यरेषा जाड काढून पोट मोकळे ठेवले असते तर ती टिकली असती. नाजूकपणा हा गुण खरा, पण तो लगद्यात मोजावयाचा नसतो.

दुसरा दोष बाईंच्या नजरेतून सुटला आहे. पटाची उभी भुजा हृदयरेषेला काटकोनात छेदते, त्यामुळे हात मिटला तरी तिची एखादीच जागा दुमडते. आडवी भुजा मात्र मस्तकरेषेच्या अगदी वरून गेली आहे. तेथे लगदा लांबच्या लांब चिरलेला छायाचित्रातही दिसतो. चिरलेला लगदा कातडीपासून सुटतो, आणि त्या जागी भुजा तुटक उमटते. सारा पट थोडा तिरपा केला असता तर दोन्ही भुजांनी रेषांना छेद दिला असता. मांडण्याची जमीन सपाट असते, तळहाताची नसते. जमिनीवरची आकृती हातावर आणताना एवढा फेर करावाच लागतो.

आता वेळेचा मुद्दा. आमच्या मते हा सर्वांत महत्त्वाचा. छायाचित्र द्वितीयेच्या रात्रीचे आहे. लगदा पाच-सहा तास ठेवून काढला की प्रथम रंग फिका नारिंगी असतो. तो तपकिरी-लाल होण्यास आणखी एक ते दोन दिवस लागतात, आणि त्यातील पहिला दिवस पाण्यापासून जपावयाचा असतो. हरतालिकेला तर सकाळीच स्नान करून ओल्या वाळूची पिंड हातांनी घडवावयाची! वाळू तळवा घासते, पाणी रंगाची वाढ रोखते, आणि सर्वांत सुंदर भागच पुसट होतो. म्हणून मेंदी प्रतिपदेच्या संध्याकाळी काढावी, रात्रभर ठेवावी, सकाळी पाण्याविना खरवडावी, आणि द्वितीयेचा दिवस हातांना जपावे.

हा हिशेब चुकला की मोह होतो तो तासाभरात काळाभोर रंग देणाऱ्या कोनाचा. येथे स्पष्ट बोलणे प्राप्त आहे. मेंदीचा पाला असा झटपट काळा रंग कधीच देत नाही. त्या कोनात बहुधा केसांच्या कलपातील पीपीडी हे रसायन असते. त्याने हातावर नक्षीच्या आकाराचे फोड येतात, काहींना व्रण राहतात, आणि एकदा शरीराने त्याचा द्वेष धरला की पुढे आयुष्यभर कलपही सोसत नाही. ओळखण्याची खूण सोपी आहे : खऱ्या मेंदीचा लगदा हिरवट-तपकिरी असतो, त्याला पाल्याचा वास येतो, आणि तळव्यावर पाच मिनिटे ठेवलेला ठिपका नारिंगी उमटतो. ठिपका लगेच काळा उमटला, तर तो कोन टाकून द्यावा. या भगिनीने घरी वस्त्रगाळ केलेली पूड लिंबाच्या रसात भिजवून वापरली, हे तिने छायाचित्रासोबत कळविले आहे. तिच्या नक्षीइतकेच आम्ही याचे कौतुक करतो.

एकंदरीत मध्याची निवड अचूक, कोरे कडे उत्तम, बोटे आपल्या वळणाची. मनगट अतिभरित आणि एक भुजा चुकलेली. पट किंचित तिरपा करून हीच नक्षी प्रतिपदेला काढली, तर तृतीयेला पिंडीवर बेल वाहताना ती रंगात आलेली असेल, आणि चतुर्थीच्या सकाळी गणपतीच्या पाटाला लागणाऱ्या हातावर तिचा रंग पूर्ण चढलेला असेल.