सुट्टीच्या शिबिराची दोन पानं

जुन्नर-आंबेगावच्या वाड्यावस्त्यांवरल्या मुलांसाठी कुणा शिक्षकाने आखलेला पाच दिवसांच्या उन्हाळी शिबिराचा हा हस्तलिखित आराखडा. रोजचा एक विषय: वाट, कागद, नाणेघाट, हिरडा आणि शेवटच्या दिवशी ‘आपलं पान’. वरवर पाहता नेहमीचाच मामला.

पण वेळापत्रक बघा. शिबिर चारलाच सुटतं आणि गाणं सगळ्यात शेवटी येतं. इतरत्र गाण्याने सुरुवात करतात. इथे मुलांना उसाच्या कडेने घरी जायचंय आणि त्या उसात बिबट्या असू शकतो. उजेडात निघायचं, घोळक्याने चालायचं, मोठ्याने बोलायचं, वाटेत एकट्याने वाकून बसायचं नाही. पहिल्या दिवसाची ही शिकवण गाण्यातच मुरवली आहे. एकाने ओळ टाकायची, बाकीच्यांनी उचलायची, म्हणजे मागे राहिलेलं पोर लगेच कळतं. चाल निवडताना ‘चालताना दम लागू नये’ अशी टीप आहे. ती वाचून मी त्या शिक्षकाला मनोमन दाद दिली.

दुसरा दिवस माझा आवडता. जुन्नरचा हातकागद एके काळी नावाजलेला होता, म्हणून हस्तकला कागदाचीच. जुन्या वह्यांची पानं फाडून रात्रभर भिजवायची, कुटून लगदा करायचा, तो पाण्याच्या घमेल्यात ढवळून जाळीच्या चौकटीने उचलायचा आणि कापडावर पालथा घालायचा. घमेल्यात लगदा जास्त पडला तर पान भाकरीसारखं जाड होतं. कमी पडला तर कापडावरून सुटताना फाटतं. जाळी उचलल्यावर आरपार भोक दिसलं तर लगदा परत घमेल्यात. वाळलेल्या पानाला तांदळाची पातळ खळ लावायची, नाहीतर शाई फुटते. पुन्हा वाळलं की गुळगुळीत दगडाने घोटायचं. या दोन वाळवण्यांसाठीच कागद दुसऱ्या दिवशी आणि लिहिणं पाचव्या दिवशी ठेवलंय. क्रम बदलला तर ओल्या पानावर लिहायची वेळ येईल.

नाणेघाटाच्या दिवशी सहल नाही, गोष्ट आहे. कोकणातून बैल घेऊन घाट चढलेला व्यापारी वरच्या दगडी रांजणापाशी पोचतो. त्यात जकात टाकत, असं लोक सांगतात. त्याच्या कनवटीला नाणी कमी आहेत, आणि गोष्ट तिथेच थांबते. तिथल्या लेण्यातल्या सातवाहनांच्या ब्राह्मी लेखात दानाचे आकडे कोरलेत. मुलांनी त्यांतली एक-दोन अंकचिन्हं मातीत काढायची.

चौथा दिवस मात्र फसलाय. हिरडा गोळा करणाऱ्या घरांतल्या मुलांना हिरड्याची माहिती सांगायची म्हणजे उलटी गंगा. त्यांनाच बोलू द्यायला हवं होतं: कोवळा बाळहिरडा कधी झाडायचा, कुठे वाळवायचा, व्यापारी काय बघून भाव पाडतो.

पाचव्या दिवशी घोटलेल्या पानावर प्रत्येकाने नाणेघाटातल्या त्या व्यापाऱ्याचं पुढे काय झालं ते लिहायचं. शिक्षकाने आपला शेवट कुठेच दिलेला नाही.