समाईक आकडा कोणाचा?

आता पडद्यावरचा हा फोटो बघा. बर्कले विद्यापीठ, 1973 सालचे पदव्युत्तर प्रवेश. सर्वांत मोठ्या सहा विभागांचे सहा तक्ते. फोटोवरून आकडे उतरवताना आधी बेरजा जुळवाव्यात. 'अ' विभागात 512 पुरुष घेतले, 313 नाकारले; बेरीज 825च यायला हवी.

सगळे तक्ते एकात ओतले, की पुरुषांचा ऑड्स रेशो 1.84 येतो आणि विद्यापीठ दोषी दिसतं. मॅन्टेल-हेन्झेल पद्धत ओतत नाही. प्रत्येक तक्त्यात घेतलेले पुरुष गुणिले नाकारलेल्या स्त्रिया, भागिले त्या तक्त्याची एकूण संख्या; दुसऱ्या कर्णाचंही तसंच. मग दोन बेरजा, एक भागाकार. उत्तर 0.90. स्त्रियांचे अर्ज जास्त करून कठीण विभागांत होते, ते आता हिशेबात आलं.

इथवर ठीक. माझी हरकत 'समाईक' या शब्दाला आहे. ते गृहीतक आहे हो, निष्कर्ष नव्हे! 'अ' विभागात रेशो 0.35, म्हणजे स्त्रियांचं पारडं बरंच जड. उरलेल्या पाचांत तो 0.80 ते 1.22. 'अ' वगळून पुन्हा जोडा: 1.03. म्हणजे 0.90 मधला झुकाव सहा विभागांत वाटलेला नाहीच, तो एकट्या 'अ'मधून आलाय. ब्रेस्लो-डे चाचणी लावली तर तीही हेच सांगते, की हे सहा रेशो एकसारखे मानता येत नाहीत.