ब्राह्मी शिलालेखांचे प्रतिमावर्धन : एक चिकित्सा

कर्जत तालुक्यातील कोंडाणे लेण्यात कण्हाच्या शिष्याचे नाव नोंदविणारा ब्राह्मी लेख आहे. अशा लेखांच्या अस्पष्ट व सुस्पष्ट छायाचित्रांच्या जोड्यांवर सुपर-रेझोल्यूशन प्रारूपास पुनर्प्रशिक्षण दिल्यास अक्षरे रेखीव दिसतात. परंतु सुस्पष्ट चित्रच संगणकावर लहान करून जोडी बनविल्यास प्रारूप तेवढेच लघुकरण उलटविण्यास शिकते. कॅमेऱ्याची खरी धूसरता त्यास अपरिचित राहते. शिवाय केवळ अक्षरेच पाहिलेले प्रारूप खडकाच्या भेगेलाही मात्रेचे रूप देऊ शकते. वर्धित चित्र पुन्हा लहान केल्यावर मूळ चित्राशी जुळले, तरी पाठ सिद्ध होत नाही. कारण एका अस्पष्ट चित्राशी अनेक सुस्पष्ट चित्रे जुळू शकतात. म्हणून प्रशिक्षणात न वापरलेल्या लेण्यातील, पाठ निश्चित असलेला लेख हीच प्रारूपाची कसोटी होय. संदिग्ध अक्षराचा निर्णय मात्र शिळेपाशीच व्हावा.