परिपाठातली शेंगांची गोष्ट

प्रतिज्ञा, सुविचार, दिनविशेष झाले की परिपाठात बोधकथेची पाळी येते. तोवर मुलांची चुळबुळ सुरू झालेली असते. १ ऑगस्टला, टिळक पुण्यतिथीला, बहुतेक ठिकाणी ठरलेली गोष्ट येते: शेंगांची.

गोष्ट इवलीशी. वर्गात टरफलं पडलेली. शेंगा कुणी खाल्ल्या, असं गुरुजी विचारतात. कुणी कबूल होत नाही. मग हुकूम सुटतो की सगळ्यांनी टरफलं उचला. बाळ जागचा हलत नाही. ‘मी शेंगा खाल्ल्या नाहीत, मी टरफलं उचलणार नाही.’ पुढची छडी, घरी पाठवणी, वडिलांनी घेतलेली बाजू सांगणाऱ्यागणिक बदलते. हे वाक्य मात्र जवळपास तसंच राहतं.

राहणारच, इतकं ते बांधेसूद आहे. दोन्ही तुकड्यांत नकारच, पण पहिला घडलेल्याची साक्ष देतो आणि दुसरा निर्णय सांगतो. मध्ये आर्जव नाही, खुलासा नाही. गुरुजींना पटावं अशी धडपडही नाही. त्याहून मला मोलाचं वाटतं ते बाळ जे बोलत नाही ते. शेंगा कुणी खाल्ल्या हे त्याला कदाचित ठाऊक असेल. तरी तो कुणाचं नाव घेत नाही. स्वतःवरचा आळ झटकताना तो शेजारच्यावर ढकलत नाही. गोष्टीतली ही जागा सांगणारे सहसा ओलांडूनच जातात.

घसरतात ते गुरुजींच्या वाक्यावर. ‘चला, वर्ग स्वच्छ करू या’ असं त्यांच्या तोंडी घातलं की बाळ चक्क कामचुकार दिसू लागतो. मग एखादी चौथीतली मुलगी विचारते, ‘बाई, मग आम्ही दुसऱ्यांचा कचरा का उचलायचा?’ तिचं काय चुकलं? हुकूम शिक्षा म्हणूनच आला पाहिजे: कबूल होत नाही ना, मग सगळ्यांनी भोगा. बाळचा नकार झाडूला नाही. न केलेल्या गुन्ह्याच्या शिक्षेला आहे. म्हणून फळ्यावर ‘मूल्य: सत्य’ लिहिलेलं असलं, तरी माझ्या मते ही गोष्ट न्यायाची आहे.

दुसरी घाई मंडालेची. १९०८चा राजद्रोहाचा खटला, सहा वर्षांची शिक्षा, असं लगेच जोडलं की मुलांना वाटतं, तो लोकमान्य होणार होता म्हणून बोलू शकला. त्यापेक्षा बाळचे वडील गंगाधरपंत स्वतः शिक्षक होते, एवढं आधी सांगावं. शिक्षकाचाच मुलगा शिक्षकासमोर ‘नाही’ म्हणतो, याचं वजन रांगेतल्या मुलांना बरोबर कळतं.

तेव्हा गुरुजी, बाई, यंदा ही गोष्ट सांगाल तर बाळच्या वाक्यावर थांबा आणि ‘यावरून काय बोध मिळतो?’ हा प्रश्न तेवढा वगळा.